अंगठ्याच्या टप्प्यातला मेनू

मोबाइल अ‍ॅपमध्ये एका विभागातून दुसऱ्या विभागात जाण्याची सोय प्रामुख्याने दोन प्रकारे केलेली असते. पहिल्या प्रकारात स्क्रीनच्या तळाशी तीन ते पाच चिन्हांची एक पट्टी कायम दिसत राहते आणि प्रत्येक चिन्हाखाली त्याचे नाव लिहिलेले असते. या चिन्हांना टॅब म्हणतात. दुसऱ्या प्रकारात वरच्या डाव्या कोपऱ्यात एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघा असतात. त्यांवर बोट ठेवले की डावीकडून एक पान सरकत येते आणि त्यात सगळ्या विभागांची यादी दिसते. हा ड्रॉवर. फोन लहान होते तोवर या दोहोंतला फरक बराचसा आवडीनिवडीचा होता. फोन मोठे झाले आणि तो हाताच्या सोयीचा प्रश्न बनला.

२००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा स्क्रीन साडेतीन इंचांचा होता, म्हणजे सुमारे ७४ मिलिमीटर उंच आणि ४९ मिलिमीटर रुंद. आज सर्रास दिसणारा ६.७ इंचांचा स्क्रीन साधारण १५४ मिलिमीटर उंच आणि ७१ मिलिमीटर रुंद असतो. उंची दुपटीहून अधिक झाली, अंगठा मात्र तेवढाच राहिला. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला, तेव्हा तो अवाढव्य वाटला होता. २०१४ मध्ये अ‍ॅपलनेही साडेपाच इंचांचा आयफोन ६ प्लस काढला आणि त्याच वेळी ‘रीचॅबिलिटी’ नावाची सोय दिली. होम बटणाला दोनदा हलका स्पर्श केला की संपूर्ण स्क्रीन खाली सरकायचा, म्हणजे वरची बटणे अंगठ्याच्या आवाक्यात यायची. वरचा भाग एका हाताने गाठता येत नाही, याची ही कबुलीच होती. दोष मात्र तसाच राहिला. वरचे प्रत्येक बटण दाबण्याआधी आता आणखी एक खूण करावी लागू लागली.

माणसे फोन कसा धरतात हे पाहण्यासाठी स्टीव्हन हूबर या अमेरिकी आरेखनतज्ज्ञाने रस्ते, बसथांबे, विमानतळ, गाड्या अशा ठिकाणी १,३३३ नोंदी केल्या आणि २०१३ मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. प्रत्यक्ष स्क्रीनला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते. ३६ टक्के लोकांनी फोन एका हातात धरला होता आणि ते दुसऱ्या हाताचे बोट किंवा अंगठा चालवत होते. उरलेल्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता. शिवाय माणूस एका पकडीवर टिकत नाही, कामाप्रमाणे तो क्षणाक्षणाला पकड बदलतो. या नोंदी आजच्यापेक्षा लहान फोनांच्या काळातल्या आहेत, त्यामुळे टक्केवारी आज जशीच्या तशी धरता येणार नाही. पण एका हातात पिशवी किंवा बसचा दांडा असला की दुसऱ्या हाताचा अंगठाच सगळे काम करतो, ही परिस्थिती बदललेली नाही.

फोन उजव्या हातात धरला की करंगळी बहुतेक वेळा खालून टेकू देते, मधली बोटे मागून आधार देतात आणि अंगठा मनगटाजवळच्या सांध्यातून फिरतो. तो सरळ रेषेत वरखाली जात नाही, कंपासासारखी कमान काढतो. या कमानीत स्क्रीनचा मधला आणि खालचा बराचसा भाग सहज येतो. वरचा डावा कोपरा सर्वांत दूर पडतो. तिथे पोचायचे तर फोन तळहातात वर सरकवावा लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पकड सैल होते. फोन हातून निसटतो तो बहुधा अशा वेळी. उजवा खालचा कोपरा जवळ असल्यामुळे सोपा असेल असे वाटते, पण तिथे अंगठा आत दुमडावा लागतो आणि नेम चुकतो. ‘खालचे ते सोपे’ हे सूत्र म्हणूनच अर्धेच खरे आहे. खालच्या पट्टीतही मधल्या जागा सर्वांत सुखाच्या असतात आणि दोन्ही टोके जरा अवघड.

जागेइतकेच महत्त्व आकाराला आहे. पेक्का पार्ही, एमी कार्लसन आणि बेंजामिन बेडरसन यांनी २००६ मध्ये एका हाताने अंगठा चालवणाऱ्यांवर प्रयोग केले. एकेकट्या स्पर्शासाठी बटण साधारण ९.२ मिलिमीटरचे असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. गूगलची अँड्रॉइडसाठीची शिफारसही सुमारे ९ मिलिमीटरची आहे. हूबरने पुढच्या कामात दाखवले की माणसाचा नेम स्क्रीनच्या मध्यभागी सर्वांत अचूक असतो आणि कडांकडे जाताना ढळतो. मध्यावर ७ मिलिमीटर पुरतात, तळाच्या कडेला मात्र १२ मिलिमीटरपर्यंत जागा द्यावी लागते. तळाची पट्टी आखताना ही गोष्ट अनेकदा सुटते. जवळ आहे म्हणून बटणे बारीक केली जातात, आणि जवळ असूनही ती चुकतात.

आता ड्रॉवरकडे वळू. तीन रेघांचे ते चिन्ह मोबाइलपेक्षा बरेच जुने आहे. झेरॉक्स कंपनीच्या १९८१ च्या ‘स्टार’ संगणकासाठी ते नॉर्म कॉक्स यांनी रेखाटले होते. मोबाइलच्या पहिल्या दशकात फेसबुकसारख्या अ‍ॅपनी ते घराघरांत नेले आणि २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनात ड्रॉवरला जागा दिली. त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. स्क्रीनवर एका चिन्हापलीकडे जागा लागत नाही, यादी कितीही लांब करता येते आणि नावे पूर्ण लिहिता येतात. संस्थेच्या दृष्टीने आणखी एक सोय होते. कोणता विभाग पुढे ठेवायचा आणि कोणता मागे, यावर कोणाशी वाद घालावा लागत नाही, कारण सगळ्यांनाच आत जागा मिळते. ड्रॉवर वापरण्याचे खरे कारण पुष्कळदा हेच असते आणि त्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते.

ही किंमत दोन प्रकारची आहे आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिली अंतराची. चिन्ह सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, यादी उघडली की तिचे पहिले शब्दही वरच, आणि एका विभागातून दुसऱ्यात जायला दर वेळी किमान दोन स्पर्श. दुसरी किंमत न दिसण्याची. जे डोळ्यांसमोर नाही ते आहे हेच माणसाच्या लक्षात राहत नाही. निल्सन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये १७९ लोकांना घेऊन सहा संकेतस्थळांची चाचणी घेतली. मोबाइलवर पूर्ण लपवलेला मेनू ५७ टक्के वेळा वापरला गेला. काही दुवे उघडे ठेवून उरलेले लपवले, तेव्हा मेनूचा वापर ८६ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी स्पॉटिफायने आयफोनवरच्या अ‍ॅपमधला ड्रॉवर काढून तळाला टॅब दिले. त्यांच्या चाचणीत टॅब मिळालेल्यांनी मेनूतल्या गोष्टींवर ३० टक्के अधिक वेळा बोट ठेवल्याचे कंपनीने सांगितले होते. फेसबुकनेही आयफोनवर २०१३ मध्येच हा बदल केला होता.

या दोन किमती वेगळ्या ओळखल्या नाहीत, तर उपाय चुकतो. काही अ‍ॅपमध्ये तीन रेघांचे चिन्ह उचलून खालच्या कोपऱ्यात आणले जाते आणि काम झाले असे मानले जाते. अंतर कमी झाले हे खरे. पण यादी अजून लपलेलीच आहे. आत काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला चिन्ह वर असले काय आणि खाली असले काय, सारखेच.

अँड्रॉइडवर ड्रॉवरची आणखी एक अडचण २०१९ मध्ये उभी राहिली. डाव्या कडेवरून बोट आत ओढले की ड्रॉवर उघडतो, ही युक्ती सरावलेल्या लोकांच्या अंगवळणी पडली होती आणि वरच्या कोपऱ्यापर्यंत जाण्याचा त्रास ती वाचवत होती. अँड्रॉइड १० मध्ये गूगलने नेमकी तीच खूण मागे जाण्यासाठी घेतली. मग ड्रॉवर उघडायला जाणारा माणूस अ‍ॅपमधून बाहेर पडू लागला. कडेवर बोट क्षणभर दाबून धरले की ड्रॉवर डोकावतो आणि मग ओढता येतो, अशी तडजोड करण्यात आली, पण सांगितल्याशिवाय ती कोणाला उमगत नाही. मोठ्या फोनवर ड्रॉवरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा अशा रीतीने निकालात निघाला.

तळाचे टॅब या दोन्ही किमती टाळतात. वाट दिसते, जवळ असते, एका स्पर्शात पार होते, आणि आपण सध्या कुठे आहोत हेही रंगीत झालेल्या चिन्हावरून कळते. हा शेवटचा फायदा सहसा कोणी मोजत नाही, पण पाच मिनिटांनी फोन पुन्हा हातात घेणाऱ्याला तोच सर्वांत उपयोगी पडतो. मात्र टॅबही फुकट मिळत नाहीत.

पहिली मर्यादा संख्येची. गूगलची शिफारस तीन ते पाच टॅबची आहे. आयफोनवरही पाचापुढचे टॅब ‘मोअर’मध्ये जातात. यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. ७१ मिलिमीटरच्या रुंदीत पाच टॅब बसवले तर प्रत्येकाला १४ मिलिमीटर मिळतात, सात बसवले तर १०. केवळ बोटाचा विचार केला तर साताही जागा कशाबशा निभतील. अडते ते नावाशी. दहा मिलिमीटरमध्ये वाचता येईल असे नाव लिहिताच येत नाही, आणि नाव काढून टाकले तर नुसत्या चिन्हावरून अर्थ लावण्याची वेळ येते. घर आणि भिंग यांपलीकडे सर्वांना एकसारखी कळणारी चिन्हे फारच थोडी आहेत.

मराठी अ‍ॅपमध्ये ही मर्यादा आणखी लवकर जाणवते. चौदा मिलिमीटरमध्ये लहान टाइपातली जेमतेम सहा-सात अक्षरे मावतात. ‘पासबुक’ आरामात बसते, ‘व्यवहारांचा इतिहास’ बसत नाही. आधी इंग्रजीत आखून मग मराठी नावे भरली की शेवटी तीन टिंबे येतात आणि ‘व्यवहारां…’ असे अर्धवट काहीतरी वाचावे लागते. वरच्या वेलांट्या आणि मात्रा, खालचे उकार यांनाही जागा लागते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर ते कापले जातात. त्यातच ज्येष्ठ नागरिकांनी फोनमधली अक्षरे मोठी करून ठेवलेली असतात. तेव्हा मराठीसाठी चार टॅब हेच सुरक्षित माप धरावे आणि नावे सुरुवातीपासून मराठीतच ठरवावीत.

दुसरी मर्यादा जागेची, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. आयफोनवर टॅबची पट्टी आणि तिच्याखालची बोट ओढण्याची मोकळी जागा मिळून मोठ्या स्क्रीनची साधारण नऊ टक्के उंची जाते. पहिल्या आयफोनवर ही पट्टी दहा टक्के घेत होती. प्रमाण जवळपास तेच आहे, पण उरलेली जागा आज दुपटीहून अधिक आहे. ड्रॉवरमुळे जागा वाचते हा युक्तिवाद साडेतीन इंचांच्या काळात वजनदार होता, आज तो तसा राहिलेला नाही.

हे सगळे एका कल्पित उदाहरणावर लावून पाहता येईल. समजा, एका पतसंस्थेला खातेदारांसाठी अ‍ॅप करायचे आहे. सोयी पुढीलप्रमाणे: शिल्लक, पासबुक, पैसे पाठवणे, क्यूआर स्कॅन, बिल भरणे, लाभार्थी, मुदत ठेव, आवर्त ठेव, कर्जाचा हप्ता, चेकबुकची मागणी, शाखांचे पत्ते, तक्रार, पिन बदलणे, भाषा, खाते तात्पुरते गोठवणे आणि लॉगआउट. सोळा गोष्टींचा हा ड्रॉवर एका दुपारीत तयार होईल. पण मग शिल्लक पाहण्यापुरते अ‍ॅप उघडणाऱ्यालाही आधी सोळा ओळी वाचाव्या लागतील.

टॅब आखायचे तर आधी या सोळा गोष्टींची वर्गवारी करावी लागते, आणि खरे काम तेच आहे. लोक आठवड्यातून अनेकदा काय करतात हा पहिला प्रश्न. शिल्लक, पासबुक आणि पैसे देणे हे त्याचे उत्तर. कोणत्या गोष्टी एकमेकींच्या पोटात राहू शकतात हा दुसरा. लाभार्थी, क्यूआर आणि बिल हे तिन्ही पैसे देण्याचेच भाग आहेत, त्यांना स्वतंत्र वाट नको. दोन्ही ठेवी आणि कर्ज एका छपराखाली येतात. एवढ्यावर चार टॅब होतात: मुख्य, पासबुक, पैसे द्या, ठेव-कर्ज. शिल्लक ‘मुख्य’ पानावर आपोआप दिसते, तिला बटणाची गरजच उरत नाही. पिन, भाषा, शाखा, तक्रार, चेकबुक आणि लॉगआउट ही महिन्या-वर्षाने लागणारी कामे आहेत. ती वरच्या कोपऱ्यातल्या नावाच्या चिन्हामागे यादीत गेली तर कोणाचेही नुकसान नाही. उलट लॉगआउट अंगठ्यापासून दूरच हवे.

एक गोष्ट मात्र या चाळणीतून चुकीच्या जागी पडते, ती म्हणजे खाते गोठवणे. ते वर्षानुवर्षे लागणार नाही, पण लागेल तेव्हा फोन दुसऱ्याचा असेल आणि माणूस घाबरलेला असेल. किती वेळा लागते एवढाच निकष लावला तर ही सोय यादीत सर्वांत खाली जाईल. ती ‘मुख्य’ पानावर उघडी दिसली पाहिजे. टॅब मात्र तिला देऊ नये. टॅब हे ठिकाणाकडे नेणारे असावेत, त्यांनी स्वतःहून काही कृती करू नये. ज्यावर चुकून बोट पडले तरी काही बिघडणार नाही, अशाच गोष्टी तळाच्या पट्टीत शोभतात.

चुकून पडणारे बोट ही तळाच्या जागेची खरी जोखीम आहे. जिथे अंगठा सहज पोचतो तिथे तो नकळतही पोचतो. ‘पुढे’ आणि ‘पैसे पाठवा’ ही दोन बटणे लागोपाठच्या दोन पानांवर अगदी एकाच जागी आली, तर घाईत दोनदा पडलेले बोट पैसे पाठवून मोकळे होते. पट्टीच्या लगेच वर जाहिरात, तरंगते बटण किंवा सूचनेची पट्टी रचली तर नेम चुकून भलतेच उघडते. पट्टी स्क्रीनच्या अगदी खालच्या कडेला चिकटवली तर बोट वर ओढून अ‍ॅप बंद करण्याची खूण आणि टॅब यांची झटापट होते. कीबोर्ड उघडल्यावर पट्टी त्याच्या डोक्यावर चढून बसते, हा दोषही नवख्या अ‍ॅपमध्ये हमखास आढळतो. आणि एका टॅबवरून दुसऱ्यावर जाऊन परत आल्यावर आधीचे पान जिथे होते तिथेच मिळाले पाहिजे. पासबुकात तीन महिने मागे गेलेल्या माणसाला परतल्यावर पुन्हा आजच्या तारखेपासून सुरुवात करावी लागली, तर टॅबचा अर्धा उपयोग वाया गेला.

दोष शोधण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाच-सहा खातेदारांना उभे राहून, एका हातात पिशवी देऊन फोन वापरायला सांगावे. त्यांत एखादा डावखुरा आणि एखादी मोठी अक्षरे ठेवलेली व्यक्ती असावी. मग स्क्रीनकडे न पाहता हाताकडे पाहावे. फोन तळहातात सरकवला गेला किंवा पिशवी खाली ठेवून दुसरा हात आला, तर ती जागा टप्प्याबाहेर आहे. अंगठा स्क्रीनवर अधांतरी थांबला, तर नाव किंवा चिन्ह कळलेले नाही. अ‍ॅप वापरात आल्यावर नोंदींतूनही हेच दिसते. एखादा टॅब वारंवार उघडून दोन सेकंदांत सोडला जात असेल, तर त्याचे नाव फसवे आहे. ‘इतर’ नावाचा टॅब सर्वाधिक उघडला जात असेल, तर वर्गवारीच चुकली आहे. असा टॅब म्हणजे तळाशी लपलेला ड्रॉवरच.

अंगठ्याचा विचार आता अ‍ॅपपुरता राहिलेला नाही. सॅमसंगने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या वन यूआयमध्ये स्क्रीनचा वरचा भाग पाहण्यासाठी आणि खालचा हाताळण्यासाठी अशी विभागणी केली. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या सफारीत पत्ता लिहिण्याची पट्टी तळाशी आणली. सवय मोडल्याने तक्रारी आल्या, तेव्हा ती पुन्हा वर नेण्याचा पर्यायही दिला. मराठी घराघरांत वापरल्या जाणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइडवर वर्षानुवर्षे वर असलेले टॅब २०२४ मध्ये खाली आणले. चॅट, अपडेट्स, कम्युनिटी आणि कॉल अशी चार ठिकाणे तळाला आली. सेटिंग आणि जोडलेली उपकरणे ही क्वचित लागणारी कामे मात्र वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमागेच राहिली. अंगठ्याचा टप्पा मोजकाच असतो आणि तो रोजच्या कामासाठी राखायचा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ड्रॉवर सर्वस्वी टाकाऊ ठरतो असा याचा अर्थ नाही. जिथे विभाग अनेक असतात, त्यांची संख्या वापरणाऱ्यागणिक बदलते आणि कोणता एक श्रेष्ठ हे ठरवता येत नाही, तिथे पट्टी अपुरीच पडते. जीमेलमधली लेबले अशीच आहेत. कोणाची चार असतील, कोणाची चाळीस. ती ड्रॉवरमध्येच शोभतात, आणि माणूस दिवसाचा बहुतेक वेळ इनबॉक्समध्येच काढत असल्यामुळे तो दूर असला तरी खटकत नाही. एकच सलग काम करण्याच्या अ‍ॅपमध्ये, उदाहरणार्थ नकाशा किंवा वाचनाच्या अ‍ॅपमध्ये, कायम दिसणारी पट्टी उलट अडचण होते. टॅबलेटवर तर तळाची पट्टी चुकीचीच ठरते, कारण ते उपकरण दोन्ही बाजूंनी धरले जाते आणि अंगठे कडांपाशी असतात. तिथे तीच चिन्हे कडेला उभी लावतात.

सहापेक्षा कमी मुख्य ठिकाणे असलेल्या कोणत्याही फोन-अ‍ॅपने तळाचे टॅब वापरावेत आणि ड्रॉवर फक्त उरलेल्या, क्वचित लागणाऱ्या गोष्टींसाठी ठेवावा. ठिकाणे त्याहून जास्त वाटत असतील, तर ड्रॉवरकडे वळण्याआधी यादी पुन्हा एकदा चाळावी. पतसंस्थेच्या उदाहरणात सोळाची चार झाली ती चाळूनच.